आधी पैशांची वाट अडवा, वेबसाइट नंतर

*देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. तीन वर्षांपूर्वी मुलीने वेबसाइट करून दिली, तेव्हापासून निम्मा माल थेट गिऱ्हाइकाला जातो. गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका बाईंचा फोन आला, पाच डझनांचे तीन हजार भरले, पेटी कुठे आहे? आमच्याकडे त्यांची ऑर्डरच नव्हती. त्यांनी लिंक पाठवली तर हुबेहूब आमची वेबसाइट, मामंजींचा बागेतला फोटोसुद्धा! फोन नंबर आणि क्यूआर कोड तेवढा वेगळा. आजवर अकरा जणांचे फोन झाले. पोलीस ठाण्यात म्हणाले, तुमचे पैसे गेले नाहीत, तुमची तक्रार कशी घेणार? पुण्याच्या बाई म्हणतात, नाव तुमचं आहे तर पैसे तुम्हीच द्या. ऐन सीझनमध्ये काय करू?*

*— एक बागायतदार, देवगड तालुका*

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी मुलीला बसवून एक गोष्ट तपासा. पुण्याच्या बाईंनी पाठवलेली लिंक अक्षर न् अक्षर वाचा. नाव तुमचंच पण मध्ये एखादी आडवी रेघ आहे का, शेवटी `.com` ऐवजी `.shop` किंवा `.online` आहे का, एखादं अक्षर जास्तीचं आहे का? असेल, तर कोणीतरी तुमची नक्कल करून शेजारी दुसरं दुकान थाटलंय. पण पत्ता तुमचाच निघाला, तर प्रकरण वेगळं आहे. मग चोर तुमच्या घरात शिरून क्यूआर कोड बदलून गेलाय. तसं झालं असेल तर वेबसाइट तात्पुरती बंद करा, पासवर्ड बदला आणि ज्याच्याकडे होस्टिंग आहे, म्हणजे ज्याच्या मशीनवर तुमची पानं ठेवलीत, त्याला फोन करा. आणखी एक, स्वतःच्या वेबसाइटवरचा क्यूआर स्वतःच्या मोबाइलने स्कॅन करून बघा, पैसे कोणाच्या नावावर जातात ते. पत्रावरून मला तरी ही नक्कलच वाटते, तेव्हा पुढचं सगळं ते धरून लिहिते.

तुमच्या पत्रात सगळा जीव त्या वेबसाइटवर अडकलाय, आणि ते साहजिकच आहे. मामंजींचा फोटो लावून कोणी लोकांना लुबाडत असेल तर रात्रीची झोप उडणारच. पण असं बनावट दुकान कसं उभं राहतं ते बघा. वेबसाइटचं नाव काहीशे रुपयांत मिळतं. तुमची पानं उचलून तिथे ठेवायला एक दुपार पुरते. फोन नंबर दुसऱ्याच्या नावावरच्या सिमचा असतो. जाहिरात इन्स्टाग्रामवर टाकली जाते. यातलं काहीही तुम्ही बंद पाडलंत तरी ते लोक संध्याकाळपर्यंत दुसरं उभं करतात. त्यांना सहज मिळत नाही ते बँक खातं. ते कोणा तिसऱ्याच माणसाचं असतं, चार पैसे देऊन वापरायला घेतलेलं, आणि ते एकदा गोठलं की त्यातली रक्कम अडकते आणि नवं खातं शोधावं लागतं. म्हणून मी क्रम असा लावते: आधी पुरावा, लगेच पैशांची वाट, त्यानंतर वेबसाइट.

पुरावा गोळा करताना एक पथ्य पाळा. त्या बनावट नंबरवर फोन करून भांडू नका. दापोलीकडे घरगुती निवास चालवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांच्या बाबतीत हेच घडलं होतं. त्यांनी संतापाच्या भरात फोन करून शिव्या घातल्या. अर्ध्या तासात ते पान गायब, आणि तिसऱ्या दिवशी तेच पान दुसऱ्या नावाने सुरू. मधल्या काळात त्यांच्याकडे दाखवायला एक धड स्क्रीनशॉटही नव्हता. तुम्ही तसं करू नका. मुलीला कॉम्प्युटरवर ते पान उघडायला सांगा आणि वर पूर्ण पत्ता दिसेल, खाली तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. पहिलं पान, भावाचं पान, संपर्काचं पान, पैसे भरायचं पान, सगळे. त्यांचा क्यूआर मोबाइलने स्कॅन करा, पण पैसे भरू नका, रुपयासुद्धा नको. स्कॅन केल्यावर ज्या नावाला पैसे जाणार ते नाव आणि यूपीआय आयडी पडद्यावर येतो. त्याचाही फोटो घ्या. शिवाय `web.archive.org` वर जाऊन ते पान जतन करून ठेवा. तिथे तारखेसकट प्रत राहते, आणि उद्या त्यांनी मूळ पान पुसलं तरी ती प्रत बघता येते.

हे तासाभरात होईल. तेवढ्या वेळात घरातल्या दुसऱ्या कोणीतरी त्या अकरा जणांना एकेक करून फोन लावायला बसावं. हेच आजचं सर्वांत मोठं काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय कोणी करणार नाही.

कारण असं की, पैसे ज्यांचे गेले त्यांच्याकडेच तो बारा आकडी यूटीआर नंबर असतो. यूपीआयने पैसे भरल्यावर पावतीत जो व्यवहार क्रमांक येतो, तोच. त्यांनी १९३० वर फोन करून किंवा `cybercrime.gov.in` वर आर्थिक फसवणुकीखाली तक्रार नोंदवून हा नंबर दिला, की तक्रार थेट संबंधित बँकेकडे जाते. पैसे ज्या खात्यात गेले तिथे अजून शिल्लक असतील तर बँक तेवढी रक्कम रोखून धरते. तिथून दुसऱ्या खात्यात गेले असतील तर तक्रार त्यांच्या मागोमाग त्या बँकेकडे जाते. एटीएममधून रोख निघाले की मात्र माग संपला. म्हणून इथे तासांचा हिशेब आहे. काल पैसे भरलेल्या माणसाचे मिळायची आशा बरी, आठवड्यापूर्वीच्या माणसाची कमी. पण जुन्या माणसानेही तक्रार करायचीच, कारण एकाच खात्यावर अकरा ठिकाणांहून तक्रारी आल्या की ते खातं सुटणं अवघड होतं, आणि बारावा माणूस वाचतो.

तेव्हा प्रत्येकाला फोन करून एवढंच सांगा: "आमच्याच नावाने तुम्हाला फसवलंय, आम्हीही तक्रार करतोय. तुम्ही आत्ता १९३० ला फोन करा, यूटीआर नंबर आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, आणि तक्रारीचा नंबर मिळाला की मला कळवा." वहीत रकाने आखा. नाव, गाव, तारीख, रक्कम, यूटीआर, कोणत्या नावाला पैसे गेले, लिंक कुठून मिळाली आणि तक्रार क्रमांक. हा "लिंक कुठून मिळाली" रकाना विसरू नका, तो पुढे फार कामाला येणार आहे.

एक खरं सांगून ठेवा त्यांना: रोखलेली रक्कम म्हणजे हातात आलेली रक्कम नव्हे. ती परत मिळायला पोलिसांकडून आणि काही वेळा कोर्टाकडून जावं लागतं, त्यात वेळ जातो. आणि मध्येच कोणी "आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, फी भरा, पैसे सोडवून देतो" असा फोन करेल, तर तोही चोरच. एकदा फसलेल्यांच्या याद्या या लोकांमध्ये फिरतात.

आता पुण्याच्या बाई. त्यांचे पैसे तुमच्या खात्यात आले नाहीत, त्यांचा व्यवहार तुमच्याशी झालाच नाही, त्यामुळे ते परत करायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. पण हे त्यांना फोनवर वकिलासारखं ऐकवू नका. त्या तुमच्या विरोधात नाहीत, ताई. त्या तुमच्या सर्वांत चांगल्या साक्षीदार आहेत. लिंक त्यांनी पाठवली म्हणून तर तुम्हाला हे कळलं. त्यांना लेखी उत्तर पाठवा, व्हॉट्सॲपवर चालेल: पैसे आमच्याकडे आलेले नाहीत, आमचा नंबर आणि खातं हे, आमची तक्रार अमुक नंबरने नोंदवली आहे, तुमची तक्रार करायला आम्ही मदत करतो. "बघू या", "काहीतरी करते" असलं अर्धवट लिहू नका. ते उद्या कबुलीसारखं वाचलं जातं. मनात आलं आणि एखादी पेटी कमी भावात द्यावीशी वाटली तर जरूर द्या, फक्त ती स्वखुशीने देत आहोत एवढं लिहून द्या.

पोलिसांचं उत्तर मात्र बरोबर नाही. पैसे तुमचे गेले नसतील, पण तुमचं नाव आणि ओळख वापरून लोकांना फसवलं गेलंय. कॉम्प्युटर किंवा मोबाइल वापरून दुसऱ्याच्या नावाने फसवणूक करणं हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ डी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्याला. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचं आणि ३१९ दुसऱ्याचं सोंग घेऊन केलेल्या फसवणुकीचं. शिवाय फोटो आणि मजकूर तुमचा, म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग आहेच. तुम्ही स्वतः `cybercrime.gov.in` वर आर्थिक फसवणुकीखाली नव्हे तर "इतर सायबर गुन्हे" या भागात तक्रार टाका. पोचपावतीचा नंबर लगेच मिळतो. ती पावती, स्क्रीनशॉट आणि वहीतल्या यादीची प्रत घेऊन जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. गुन्हा दखलपात्र असेल तर हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे. तरीही नोंदवून घेतलं नाही, तर त्याच कलमाप्रमाणे लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची. शक्यतो तिथवर जावं लागत नाही. अकरा नावांची नीट मांडलेली यादी समोर ठेवली की बोलण्याचा सूर बदलतो. पुढे या स्क्रीनशॉटसाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. नमुना पोलीस देतात, तुम्ही फक्त ज्या मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर पुरावा घेतलाय तो फॉरमॅट करू नका.

आता ती वेबसाइट. इथे बहुतेक जण चुकीच्या दारावर जातात, आणि चुकीची भाषा वापरतात.

`lookup.icann.org` उघडा आणि बनावट वेबसाइटचं नाव तिथे टाका. मालकाचं नाव दिसणार नाही, ते झाकलेलं असतं, त्यात वेळ घालवू नका. तीन गोष्टी बघा. एक, नाव कधी नोंदवलं. तुमच्या प्रकरणात ती तारीख मार्च-एप्रिलचीच निघाली तर नवल नाही, आणि तीन वर्षं जुन्या वेबसाइटसमोर ही तीन आठवड्यांची तारीख स्वतःच पुरावा आहे. दोन, नाव विकणारी कंपनी कोणती, तिला रजिस्ट्रार म्हणतात. तीन, त्या रजिस्ट्रारचा गैरवापराच्या तक्रारीसाठीचा ईमेल, तो `Abuse contact` या शब्दांपुढे असतो.

त्या पत्त्यावर इंग्रजीत ईमेल करायचा. मुलगी लिहील. विषयात आणि पहिल्या ओळीत `phishing` हा शब्द असलाच पाहिजे. हे मी मुद्दाम सांगते आहे. "आमची वेबसाइट कॉपी केली, आमचं नाव वापरलं" असं लिहिलंत तर रजिस्ट्रार उत्तर देतो की हा तुमच्या दोघांतला मालकीचा वाद आहे, कोर्टात जा. पण आयकान ही संस्था जी नावांची जगभरची व्यवस्था बघते, तिच्या करारात ५ एप्रिल २०२४ पासून रजिस्ट्रारवर बंधन आलं की फिशिंगचा पुराव्यानिशी रिपोर्ट आला तर तो थांबवायला पाऊल उचलायचं. खऱ्या वेबसाइटसारखं दिसणारं पान करून लोकांकडून माहिती काढणं, हे फिशिंगमध्ये मोडतं. ते बनावट पान लोकांचं नाव, पत्ता, मोबाइल घेतंय आणि वर पैसेही घेतंय. तेव्हा शब्द खोटा नाही, तोच बरोबर आहे.

ईमेल लांबवू नका. आमची खरी वेबसाइट ही, अमुक साली नोंदवलेली. ही नक्कल, अमुक तारखेची. दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट शेजारी-शेजारी. आतापर्यंत अकरा जणांनी पैसे गमावले, पोलीस तक्रार क्रमांक हा. एवढंच. सासऱ्यांच्या कष्टांची गोष्ट तिथे लिहू नका, वाचणारा माणूस दिवसाला अशी शेकडो पत्रं बघतो, त्याला एका नजरेत कळायला हवं. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलला जोडून आठवण करा. एक मर्यादा लक्षात ठेवा. नाव `.in` ने संपत असेल तर आयकानचा हा करार लागू होत नाही. ती नावं आपल्याकडच्या निक्सी या संस्थेच्या ताब्यात असतात आणि तक्रार रजिस्ट्रारसोबत `registry.in` कडेही करावी लागते.

दुसरं दार होस्टिंगचं, म्हणजे ती पानं प्रत्यक्ष ज्याच्या मशीनवर ठेवलीत त्याचं. त्याच लुकअपमध्ये `Name Server` खाली काही नावं दिसतात. तिथे क्लाउडफ्लेअर या कंपनीचं नाव दिसलं तर गोंधळू नका. बऱ्याचदा ते होस्ट नसतात, मधला पडदा असतात. `abuse.cloudflare.com` वर फिशिंगचा फॉर्म भरला की ते तक्रार खऱ्या होस्टकडे पाठवतात, आणि पान उघडणाऱ्याला धोक्याची सूचनाही दाखवू शकतात. होस्टकडे फोटोंच्या चोरीची तक्रारही चालते. भारतातला होस्ट असेल तर स्वामित्वहक्क नियम २०१३ च्या नियम ७५ खाली लेखी तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत मजकूर रोखायचा आणि तो २१ दिवसांपर्यंत रोखून धरायचा अशी तरतूद आहे, पुढे कोर्टाचा आदेश आणावा लागतो. पण हा रस्ता मी दुसरा ठेवीन, पहिला फिशिंगचाच.

तिसरं दार सर्वांत सोपं आणि लोक तेच विसरतात. `safebrowsing.google.com/safebrowsing/report_phish/` इथे बनावट पत्ता टाकून पाठवा. गूगलला पटलं की क्रोममध्ये ते पान उघडताना लाल पडदा येतो, फायरफॉक्स आणि सफारीही हीच यादी वापरतात. वेबसाइट चालू राहिली तरी गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं. ज्यांचे फोन आलेत त्यांनाही हा रिपोर्ट करायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि आता वहीतला तो "लिंक कुठून मिळाली" रकाना काढा. माझा अंदाज आहे की बहुतेकांनी इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरची जाहिरात बघितली असेल, डझनाला सहाशेचा भाव बघून बोट गेलं असेल. तसं असेल तर `facebook.com/ads/library` वर जा, देश भारत निवडा, सगळ्या जाहिराती निवडा आणि तुमच्या बागेचं नाव टाका. त्या नावाने चालू असलेल्या जाहिराती समोर येतात, कोणत्या पेजवरून चालल्यात तेही दिसतं. प्रत्येक जाहिरात आणि ते पेज वेगवेगळं रिपोर्ट करा. जाहिरात थांबली की वेबसाइट जिवंत असूनही ओस पडते, कारण तिथे चालत येणारं कोणी नसतं. लोक गूगल मॅपवरून नंबर घेऊन फसले असतील तर मात्र गोष्ट निराळी. तुमच्या बागेच्या नोंदीत कोणी "बदल सुचवा" करून नंबर बदललाय का ते बघा, आणि ती नोंद स्वतःच्या ताब्यात घेऊन पडताळून ठेवा.

मुलीसाठी एक खास काम देते. बनावट पानावर मामंजींचा फोटो आहे, त्यावर राइट क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडा आणि वरचा पत्ता बघा. नकला करणारे आळशी असतात. पुष्कळदा ते फोटो उचलून आपल्याकडे ठेवत नाहीत, पानाचा सांगाडा तेवढा उचलतात आणि फोटो तुमच्याच सर्व्हरवरून येत राहतात. पत्त्यात तुमच्याच वेबसाइटचं नाव दिसलं तर तसंच समजा. मग काय करायचं? आधी सगळे स्क्रीनशॉट झालेत याची खात्री करा. त्यानंतर तुमच्या वेबसाइटवर तोच फोटो नव्या नावाने चढवा आणि तुमच्या पानांत ते नवं नाव घाला. जुन्या नावाच्या जागी त्याच मापाचं दुसरं चित्र ठेवा, ज्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "ही वेबसाइट बनावट आहे. इथे पैसे भरू नका. आमचा खरा नंबर अमुक." क्षणात त्यांच्या पानावर मामंजींच्या जागी ही पाटी झळकते, आणि तीही तुमच्याच फाइलमधून, त्यांच्या मशीनला हात न लावता. ते लोक बघतील तेव्हा दुरुस्त करतील, पण सीझनमध्ये एक दिवससुद्धा खूप असतो. फोटो त्यांनी स्वतःकडे उतरवून घेतले असतील तर ही युक्ती चालत नाही.

तशीच आणखी एक खूण. वेबसाइटवर येणारे लोक मोजणारं गूगल ॲनालिटिक्स बसवलेलं असेल तर नक्कल करताना त्याच्या कोडचा तुकडाही त्यांच्याकडे जातो. अहवालात होस्टनेम बघितलं तर तुमच्या नावाखाली त्यांचंही नाव दिसतं, आणि रोज किती लोक तिकडे जातात तेही कळतं. अकरा जणांनी फोन केले, पण फसलेले किती असतील याचा अंदाज तिथून येतो. पोलिसांना द्यायच्या कागदात हा आकडा जरूर घाला.

जुन्या गिऱ्हाइकांना आज संध्याकाळपर्यंत कळवा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर विसंबू नका. एका यादीत २५६ च नंबर बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो संदेश जातो, बाकीच्यांना नाही, आणि तुम्हाला ते कळतही नाही. सेव्ह न केलेल्यांना साधा एसएमएस करा. संदेशात बनावट वेबसाइटची लिंक टाकू नका, लोक कुतूहलाने दाबतात आणि काही जण तिथेच ऑर्डर देऊन बसतात. आपला खरा नंबर आणि पैसे भरताना पडद्यावर कोणतं नाव दिसलं पाहिजे, एवढंच लिहा.

आणि इथे मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय, ताई. ते नाव सध्या कोणतं दिसतं? बागेचं, की मुलाचं, की मामंजींचं? कोकणातल्या किती तरी घरांत आंब्याचे पैसे घरातल्याच कोणाच्या तरी बचत खात्यात येतात. हिशेबाला ते सोयीचं असतं. पण गिऱ्हाइकाला त्यामुळे एक सवय लागते, की बागेचं नाव एक आणि पैसे जातात भलत्याच नावाला, तरी ते बरोबरच असतं. चोर याच सवयीवर जगतो. पुण्याच्या बाईंनी पैसे भरताना कोणत्या तरी परक्या माणसाचं नाव पडद्यावर बघितलंच असणार, आणि "असेल घरातलं कोणी" म्हणून पुढे गेल्या असणार. नाव, फोटो, भाव, मजकूर, सगळं चोरता येतं. तुमच्या बागेच्या नावाचं बँक खातं मात्र त्याला कागदपत्रांशिवाय उघडता येत नाही. म्हणून बागेच्या नावाने चालू खातं काढा, त्यावरचा दुकानदारांसाठीचा क्यूआर घ्या, आणि वेबसाइटवर पैसे भरायच्या बटणाच्या अगदी वर लिहा: "पैसे भरताना हेच नाव दिसेल. दुसरं नाव दिसलं तर थांबा आणि आम्हाला फोन करा." उद्यम नोंदणी असेल तर खातं उघडायला फारसं अडत नाही. या सीझनमध्ये जमलं नाही तर निदान आत्ता जे नाव दिसतं ते ठळक लिहा.

पावसाळ्यात हात मोकळे झाले की बागेच्या नावाचं ट्रेडमार्क नोंदवायला टाका. ताज्या फळांचा वर्ग ३१, आणि एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये. नोंदणी पूर्ण व्हायला बरेच महिने जातात, पण ती हातात असली की इन्स्टाग्राम-फेसबुकवरची तक्रार वेगळ्या, जलद फॉर्ममधून जाते. हापूसला २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन इथे उपयोगी पडत नाही. ते फळाचं आणि त्या मुलखाचं आहे, तुमच्या दुकानाचं नाही. मिळतीजुळती वेबसाइटची नावं विकत घेत सुटू नका, `.com` आणि `.in` असली की पुरे, बाकीचे शेकडो प्रकार घेऊन कोणाला पुरलंय. त्यापेक्षा मुलीला सांगा, मोहर धरल्यापासून दर सोमवारी `crt.sh` वर जाऊन बागेचं नाव दोन्ही बाजूंना `%` लावून शोध. कोणी त्या नावाची नवी वेबसाइट सुरक्षा प्रमाणपत्रासह उभी केली की तिथे बहुधा लगेच दिसते, जाहिरात सुरू व्हायच्याही आधी.

आज रात्री ज्या पेट्या भरायच्यात त्यांत गवताच्या वर एकेक चिठ्ठी टाका. बागेचं नाव, तुमचा नंबर, पैसे भरताना दिसणारं नाव, आणि "आमच्या नावाने बनावट वेबसाइट चालू आहे, स्वस्त भाव दिसला तर आधी आम्हाला फोन करा." ज्या घरात पेटी उघडते तिथे शेजारी-पाजारी चार जण आंबा बघायला येतात, आणि तुमचा नंबर मागतात. तो चिठ्ठीवरचाच गेला पाहिजे.